आदाब, तहजीब, नवाजिश
लखनौच्या औपचारिक उर्दूत दुसऱ्याचे साधे घरही ‘दौलतखाना’ ठरते आणि स्वतःचा वाडाही ‘गरीबखाना’. बोलणारा स्वतः एक पायरी खाली उतरतो.

भेटताना किंचित झुकून, उजवा हात कपाळाकडे नेत तो ‘आदाब’ म्हणतो. हे ‘अदब’चे अरबी अनेकवचन. त्यात देवाचे नाव नाही. म्हणून हिंदू-मुसलमान दोघेही ते वापरत.

‘तहजीब’चा मूळ अरबी अर्थ छाटून नीटनेटके करणे. इथे छाटायचा तो बोलण्यातला ‘मी’.

स्तुतीला उत्तर मिळते ‘नवाजिश’, म्हणजे ही आपली कृपा, माझी योग्यता नव्हे. दरबारात कृपा वरून खाली येई. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले, दरबार मोडला. तरी बरोबरीची माणसे एकमेकांना तोच मान देत राहिली.

मराठीतले ‘नवाजणे’ याच फारसी मुळाचे.