पांढरीची खापरी

जुनं गाव उठून गेलं की त्याच्या पडक्या भिंती, चुलीची राख आणि गोठ्यातलं शेण मातीत मुरून टेकाड तयार होतं. आमच्या फुलंब्रीकडं त्याला पांढरी म्हणतात. ही माती माळवदावर घालायला चांगली, आणि वावराला खतासारखी मानवते. आजोबांच्या तरुणपणी लोक पांढरीच्या गाड्या भरभरून रानात टाकत. पुढची सगळी गोष्ट या गाड्यांवर येऊन अडते.

ती मी धाकट्या काकांकडून ऐकली, आणि त्यांच्याआधी आजोबांकडून. दोघांच्या सांगण्यात फरक आहेच. १९७६चा उन्हाळा. बहात्तरच्या दुष्काळातून घर नुकतंच सावरलेलं. गिरजेकाठच्या तुकड्यात नांगरट चालली होती आणि शाळकरी काका औतामागं ढेकळं फोडत होते. तासात काहीतरी लाल दिसलं. उचललं तर तळहाताएवढी खापरी. थुंकी लावून धोतराच्या सोग्यानं पुसली (हे आजोबा सांगत, काका म्हणतात, सदऱ्यानं), तेव्हा काठाखाली दोन काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये तिरप्या रेघांची जाळी उमटली. कड पातळ, आतपर्यंत एकसारखी लाल भाजलेली. दगडावर टिचकी मारली तर मडक्यासारखा भद्द आवाज नाही, काशाच्या वाटीसारखा खणखणीत.

आजीनं निकाल दिला, "पांडवाच्या पंगतीतली हाये. ठिव देव्हाऱ्यात." शेजारच्या भावकीतल्या एकानं वेगळंच काढलं, "माझ्या हिरीत रांजण निंगाला व्हता. म्या तोंडातून शबुद काढला नाही. सरकार वावर घेतंय, बाबा!" शाळेतले गुरुजी मात्र हरखले. पैठण जवळ, भोकरदनला तीनच वर्षांपूर्वी उत्खनन झालेलं, त्यांनी सांगून टाकलं, "सातवाहन. दोन हजार वर्षं." दिशा बरोबर होती, अंतर कमी पडलं.

आजोबांचं औरंगाबादला कोर्टाचं काम निघालं तेव्हा काका खापरी घेऊन सोबत गेले, आणि गुरुजींच्या ओळखीनं विद्यापीठातल्या इतिहासाच्या एका प्राध्यापकांसमोर बसले. त्यांनी आधी टिचकीच मारली. मग मोडलेली कड उन्हात धरली. "ही जोर्वेची," ते म्हणाले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी खोदकाम केलं, तेव्हापासून या भांड्यांना ते नाव आहे. चाकावर घडवलेली, चांगल्या आचेत भाजलेली, लालवर काळ्या रेघा. काळ इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते १०००. म्हणजे काकांच्या हातातलं ते कमीत कमी तीन हजार वर्षांचं. ज्यानं ते रंगवलं त्याच्याकडं तांबं होतं, दगडाची पाती होती. आमच्या नांगराचं लोखंड त्याला ठाऊक नव्हतं.

आजोबांनी विचारलं, "मंग रामाच्या आधीचं का मागचं?"

"ते मला नाही सांगता येणार, बाबा."

खापरीचं वय खापरीत लिहिलेलं नसतं. नेवाशाला, इनामगावला अशी भांडी ज्या थरांत मिळाली त्याच थरांतल्या कोळशाचं वय काढलं गेलं, आणि भांडी त्या थरांशी जुळवली गेली. म्हणून थर महत्त्वाचा. काकांना खापरी सापडायच्या दोनच वर्षं आधी, १९७४ मध्ये, प्रवरेकाठी दैमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना धातूचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. एकूण साठ किलोंच्या वर! वस्तू अजोड, पण खोदणाऱ्या अभ्यासकांनी त्या थरातून काढलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या वयावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

प्राध्यापकांनी मग नेमका प्रश्न विचारला: वावरात आणखी काय सापडतं? काका म्हणाले, बांगड्यांचे तुकडे, जाड मडक्यांच्या खापऱ्या, एकदा चिलीम. तीन हजार वर्षांपूर्वीची खापरी आणि तंबाखू आल्यानंतरची चिलीम एकाच तासात? तेव्हा आजोबांना आठवलं, "रझाकाराच्या आधल्या साली म्याच गाड्या टाकल्या तिथं पांढरीच्या." प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे वस्ती त्या वावरात नव्हतीच. ती जिथून गाड्या भरल्या तिथं होती. कुठून? आजोबा म्हणाले, नदीपलीकडच्या टेकाडावरून. आजोबांचे थोरले भाऊ शेवटपर्यंत म्हणत राहिले, पलीकडून नाही, गावामागच्या टेकाडावरून.

दोन्ही टेकाडं आज सपाट आहेत. एकावर मक्याचं पीक असतं, दुसऱ्यावर घरं झाली. वस्ती कोणत्या टेकाडाखाली होती, ते ठरलं नाही.

तुमच्या रानात अशी रेघांची खापरी निघाली तर घासूनपुसून चकचकीत करू नका. कागदावर गट नंबर, तारीख आणि किती खोल निघाली ते लिहा, सोबत काय होतं तेही. आणि घरातल्या म्हाताऱ्याला आजच विचारा, या वावरात माती बाहेरून कधी पडली होती का, आणि पडली असेल तर कुठली.