अतिसंवाहक क्यूबिटांतील कलासंगतीचा ऱ्हास

अतिसंवाहक क्यूबिटांतील कलासंगतीचा ऱ्हास : अतिसंवाहक विद्युत् मंडलापासून बनविलेल्या क्यूबिटाची (पुंज संगणकातील माहितीच्या एककाची) पुंजावस्था सभोवारच्या परिस्थितीमुळे कालांतराने बिघडते. या बिघाडास कलासंगतीचा ऱ्हास असे म्हणतात. अवस्था टिकून राहण्याचा काल मर्यादित असल्यामुळे एकापाठोपाठ किती क्रिया करता येतील यावर बंधन पडते. अशा क्रियांच्या क्रमवार पायऱ्यांच्या संख्येस मंडलाची खोली म्हणतात. खोलीवरील हे बंधन सैल करण्याचे दोन मार्ग आहेत : टिकण्याचा काल वाढविणे आणि पायऱ्या कमी करणे. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्य मुख्यत्वे दुसऱ्या मार्गाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

दोन काल : ऱ्हासाचे वर्णन दोन कालांनी करतात. उत्तेजित अवस्थेतील क्यूबिट आपली ऊर्जा परिसरास देऊन मूळ अवस्थेत परततो. त्याच्या सरासरी कालास शिथिलन काल (T₁) म्हणतात. दोन अवस्थांच्या अध्यारोपणातील कलासंबंध ज्या कालात विस्कटतो, तो कलासंगती काल (T₂) होय. या संकल्पना मूळच्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनातील असून फेलिक्स ब्लोख यांनी त्या १९४६ मध्ये मांडल्या. दोन्ही कालांचा संबंध पुढीलप्रमाणे आहे :

1/T₂ = 1/(2T₁) + 1/Tφ

येथे Tφ हा ऊर्जा न गमावता केवळ कला विस्कटण्याचा काल आहे. यावरून कलासंगती काल शिथिलन कालाच्या दुपटीपेक्षा अधिक असू शकत नाही, हे उघड आहे.

शिथिलन काल मोजण्यासाठी सूक्ष्मतरंगाच्या एका स्पंदाने क्यूबिट उत्तेजित करतात, ठराविक वेळ थांबतात व मग त्याची अवस्था मोजतात. हाच प्रयोग प्रतीक्षेची वेळ बदलीत हजारो वेळा केला असता उत्तेजित अवस्था आढळण्याचे प्रमाण घातीय रीतीने घटत जाते. कलासंगती कालासाठी प्रथम अर्धा स्पंद देऊन अध्यारोपण निर्माण करतात आणि प्रतीक्षेनंतर दुसरा अर्धा स्पंद देतात. प्रतीक्षेच्या मध्यावर आणखी एक पूर्ण स्पंद दिल्यास मंद गतीने बदलणाऱ्या क्षोभांचा परिणाम पुसला जातो; ही प्रतिध्वनी पद्धती अर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधली. तिने मिळणारा काल साध्या पद्धतीच्या कालापेक्षा बराच मोठा आला, तर दोष मंद क्षोभांचा आहे असे समजते. तो शिथिलन कालाच्या दुपटीजवळ पोहोचला, तर मुख्य दोष ऊर्जाहानीचा ठरतो.

इतिहास : १९९९ मध्ये जपानमधील एनईसी या कंपनीच्या प्रयोगशाळेत यासुनोबू नाकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसंवाहक क्यूबिटाच्या अवस्थेवर प्रथमच कालबद्ध नियंत्रण मिळविले, मात्र ती अवस्था काही नॅनोसेकंदांतच मावळली. २००२ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथे क्षोभांचा परिणाम किमान होईल अशा बिंदूवर मंडल चालवून कलासंगती काल सु. ०.५ मायक्रोसेकंदापर्यंत नेण्यात आला. २००७ मध्ये येल विद्यापीठात मांडलेल्या ट्रान्समॉन या रचनेत जोसेफसन संधीस मोठे धारित्र जोडून विद्युत् भाराच्या क्षोभांचा प्रभाव जवळजवळ नाहीसा करण्यात आला. त्यानंतर ऊर्जाहानी हेच मुख्य कारण उरले. धातूवरील ऑक्साइडाच्या थरात व पृष्ठभागांच्या सीमांवर सूक्ष्म दोष असतात. ज्या दोषाची कंप्रता क्यूबिटाच्या कंप्रतेशी जुळते, तो क्यूबिटाची ऊर्जा शोषून घेतो. २०२१ मध्ये प्रिन्स्टन येथे टँटलम धातू वापरून शिथिलन काल ०.३ मिलिसेकंदापलीकडे नेण्यात आला. हे दोष आपली कंप्रता बदलीत असल्यामुळे एकाच क्यूबिटाचा शिथिलन काल तासागणिक बदललेला आढळतो.

खोलीवरील मर्यादा : उदाहरणार्थ, शिथिलन काल ५० मायक्रोसेकंद आणि दोन क्यूबिटांवरील एका क्रियेचा काल ०.२५ मायक्रोसेकंद आहे असे मानू. २०० पायऱ्यांनंतर ५० मायक्रोसेकंद होतात आणि एक उत्तेजित क्यूबिट टिकून असण्याची शक्यता सु. ३७ टक्के उरते. २० पायऱ्यांनंतर ती सु. ९० टक्के असते. परंतु दहा क्यूबिट उत्तेजित अवस्थेत असून दहाही शाबूत हवे असतील, तर त्याच २० पायऱ्यांनंतर शक्यता सु. ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे क्यूबिटांची संख्या दसपट झाली की वापरता येणारी खोली एक दशांश होते. स्पंदांच्या आकारातील दोष व शेजारच्या क्यूबिटांचा परिणाम यांमुळे प्रत्यक्षातील मर्यादा याहूनही कडक असते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्य : तीन क्यूबिटांवरील टोफोली क्रियेत पहिले दोन क्यूबिट विशिष्ट अवस्थेत असतील तरच तिसरा उलटविला जातो. ती नेहमीच्या पद्धतीने करण्यास दोन क्यूबिटांवरील सहा क्रिया लागतात. वरील उदाहरणात केवळ त्यांनाच १.५ मायक्रोसेकंद लागतील. आर. विजयराघवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रायमॉन या रचनेत चार जोसेफसन संधी एका कड्यात जोडलेल्या असून त्या कड्याचे तीन कंपनप्रकार तीन क्यूबिटांचे काम करतात. प्रत्येक क्यूबिटाची कंप्रता इतर दोघांच्या अवस्थेवर अवलंबून असते. त्यामुळे प्रत्येकास चार, म्हणजे एकूण बारा निरनिराळ्या कंप्रता मिळतात. यांपैकी एका कंप्रतेचा स्पंद दिल्यास, इतर दोघे ठराविक अवस्थेत असतील तेव्हाच तो क्यूबिट उलटतो. अशा रीतीने सहा क्रियांचे मूळ काम एका स्पंदाने साधते. या रचनेवर आधारलेल्या तीन क्यूबिटांच्या संस्कारकाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

या लाभास मर्यादाही आहेत. स्पंद फार आखूड केल्यास त्याची कंप्रता पसरते व शेजारच्या कंप्रतेवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून त्याचा काल एका मर्यादेखाली आणता येत नाही. तसेच एकट्या क्यूबिटावर बिनशर्त क्रिया करावयाची तर चारही कंप्रतांवर स्पंद द्यावे लागतात. क्यूबिटांची संख्या एकाने वाढली की प्रत्येकाच्या कंप्रता दुप्पट होतात, त्यामुळे हीच रचना मोठी करीत जाणे शक्य नसते.

मोठ्या रचनेत पायऱ्या वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे दूरचे क्यूबिट परस्परांशी जोडलेले नसणे. त्यांच्यात क्रिया घडविण्यासाठी अवस्थांची अदलाबदल करीत जावे लागते व प्रत्येक अदलाबदलीस सामान्यतः दोन क्यूबिटांवरील तीन क्रिया खर्ची पडतात. यावर उपाय म्हणून याच संस्थेत कड्याच्या आकाराच्या अनुस्पंदकाभोवती क्यूबिट जोडण्याची रचना विकसित झाली. तीत एक क्यूबिट अनेकांशी थेट जोडता येतो. या रचनेवर आधारलेल्या सहा क्यूबिटांच्या संस्कारकाची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. क्यूबिटांची रचना व निर्मिती मुंबईच्या या संस्थेत झाली. नियंत्रण व मापनाची साधने संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुणे येथील प्रयोगशाळेने आणि दूरस्थ वापराची आज्ञाप्रणाली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने तयार केली. थेट जोडणीमुळे अदलाबदलीच्या पायऱ्या वाचतात. त्यामुळे क्यूबिटाचा काल तेवढाच राहिला, तरी त्यात अधिक उपयुक्त गणन बसते.