कानाचा निवाडा डोळ्यांपुढे : लिसाजूच्या आकृत्या

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमधील वाद्यवृंदांची पट्टी चढत चालली होती. वरच्या पट्टीत वाद्ये अधिक तेजस्वी वाजतात, म्हणून वादकांना ती प्रिय; ताण पडे तो गायकांच्या गळ्यांवर. पॅरिसच्या ऑपेरात ‘ला’ हा आधारस्वर सेकंदाला ४४८ कंपनांपर्यंत पोहोचला होता. १८५८ साली सरकारने समिती नेमली. तीत रॉसिनी आणि बर्लिओझ यांच्यासारखे संगीतकार होते, तसाच ज्यूल आंत्वान लिसाजू हा भौतिकशास्त्राचा अध्यापकही होता. फेब्रुवारी १८५९ च्या आदेशाने ‘ला’ ४३५ कंपनांवर बांधला गेला, तोही १५ अंश सेल्सिअस तापमानाला. कारण पोलादी नादकाटा तापला की त्याचा स्वर उतरतो. (मूळ फ्रेंच कागदांत ८७० हा आकडा दिसला तर गोंधळू नये. तेथे जाणे एक आणि येणे एक, अशी कंपने मोजत.)

आकडा ठरला, पण एखादा नादकाटा तो खरोखर पाळतो की नाही, हे कोणी ठरवायचे? तोवर हा निवाडा तयार कानाचा होता. लिसाजूने १८५७ च्या आपल्या प्रबंधात तो डोळ्यांपुढे आणला होता. त्याची मांडणी साधी होती. दोन नादकाट्यांच्या टोकांना लहान आरसे लावायचे. एक काटा उभ्या दिशेत कंप पावेल आणि दुसरा आडव्या, असे ते बसवायचे. प्रकाशाचा किरण एका आरशावरून दुसऱ्यावर आणि तेथून पडद्यावर टाकला की दोन्ही हालचाली एकाच ठिपक्यात मिसळतात. ठिपका इतक्या वेगाने धावतो की डोळ्याला अखंड रेषाच दिसते.

दोन्ही काटे तंतोतंत जुळले असतील, तर पडद्यावरची आकृती स्थिर राहते. किंचित फरक असला की ती उलगडू लागते : तिरपी रेषा, मग लंबवर्तुळ, वर्तुळ, पुन्हा लंबवर्तुळ, उलट बाजूस कललेली रेषा, आणि त्याच वाटेने परत. ही पूर्ण फेरी म्हणजे एका काट्याने दुसऱ्यावर घेतलेली नेमकी एका कंपनाची आघाडी. समजा, ४३५ च्या प्रमाण काट्यासमोर ठेवलेल्या काट्याची फेरी चार सेकंदांत पूर्ण झाली. म्हणजे फरक सेकंदाला पाव कंपन. पण तो काटा ४३५.२५ चा की ४३४.७५ चा? फेरीचा वेळ हे सांगत नाही. त्यासाठी तपासायच्या काट्याला मेणाचा अगदी बारीक कण चिकटवावा. भाराने त्याचे कंपन मंदावते. आता फेरीला जास्त वेळ लागू लागला, तर काटा चढा होता. कमी लागला, तर उतरलेला.

नावाबद्दल एक न्याय्य तक्रार आहे. अमेरिकेतील नॅथॅनियल बॉडिच याने १८१५ मध्येच दोन बिंदूंपासून टांगलेल्या लंबकाच्या साहाय्याने हे वक्र अभ्यासले होते. तरी मोजमापाचे साधन म्हणून ते रुजले ते लिसाजूमुळे, असे मला वाटते.

१८९७ मध्ये कार्ल फेर्डिनांड ब्राउनने ऋणकिरणांची नळी केली आणि ठिपका हलवायला आरशांची गरज उरली नाही. पुढे ऑसिलोस्कोपवर एक विद्युतसंकेत आडवा आणि दुसरा उभा जोडला की तीच आकृती उमटू लागली. वारंवारतेचे गुणोत्तर वाचायचे तर आकृती वरच्या कडेला किती ठिकाणी टेकते आणि बाजूच्या कडेला किती, ते मोजावे. आडव्या पडलेल्या आठच्या आकड्याचे वर दोन स्पर्श, बाजूला एक. म्हणजे उभा संकेत आडव्याच्या दुप्पट वेगाचा, संगीताच्या भाषेत वरचे सप्तक. मात्र हाच आठ काही क्षणी मिटून नुसती कमान होतो आणि ठिपका त्याच वाटेने परततो. तेव्हा मोजले तर चूक होते. फासे उघडेपर्यंत थांबावे.

वारंवारता समान असेल तर आकृतीवरून कलांतर कळते, म्हणजे एक संकेत दुसऱ्याच्या किती मागे आहे ते. आकृती पडद्याच्या मध्यावर आणावी. लंबवर्तुळाची एकूण उंची ८ घरे आणि मधल्या उभ्या रेषेवर त्याने व्यापलेली उंची ४ घरे असेल, तर कलांतराची ज्या ४/८, म्हणजे अर्धी. आकृती उजवीकडे कललेली असेल तर कोन ३० अंश, डावीकडे असेल तर १५०. पुढे कोण आणि मागे कोण, हे स्थिर आकृतीवरून कळत नाही; ठिपका कोणत्या दिशेने फिरतो, ते पाहावे लागते.

आणि यंत्रावर विसंबण्यापूर्वी एकच संकेत दोन्ही वाटांनी सोडून पाहावा. सरळ रेषा उमटली पाहिजे. ती फुगून लंबवर्तुळ झाली, तर ते कलांतर संकेतांचे नसून ऑसिलोस्कोपच्या दोन वाटांमधले असते.