बायबलमध्ये हजारो वेळा येणाऱ्या ‘एत’ या हिब्रू शब्दाचं भाषांतर का होत नाही?

“बायबलच्या पहिल्याच वाक्यात एक शब्द आहे, जो जगातल्या कुठल्याही भाषांतरात सापडत नाही. तो मुद्दाम लपवला गेलाय.” अशा आशयाचे रील्स आणि फॉरवर्ड्स अधूनमधून फिरत असतात. पुढे सांगितलं जातं की या शब्दात दोनच अक्षरं आहेत, आलेफ आणि ताव. आलेफ हे हिब्रू वर्णमालेतलं पहिलं अक्षर आणि ताव शेवटचं, म्हणजे ‘आदि आणि अंत’. मग काय, ही देवाची गुप्त सही असल्याचं जाहीर होतं आणि खाली शेकडो कमेंट्स पडतात.

यातली अर्धी माहिती खरी आहे. शब्द खरंच आहे, त्याचा उच्चार ‘एत’. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या वाक्यात हिब्रूचे सात शब्द आहेत आणि त्यात तो दोनदा येतो: चौथा शब्द म्हणून ‘आकाश’च्या आधी, आणि सहावा म्हणून ‘आणि’ला जोडून ‘पृथ्वी’च्या आधी. भाषांतरात तो दिसत नाही हेही खरं. पण लपवण्याचा भाग मात्र खोटा आहे, आणि मराठी माणसाला तो इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा लवकर कळू शकतो.

मग हा ‘एत’ करतो काय?

शाळेतलं कर्ता-कर्म-क्रियापद आठवा. क्रिया ज्याच्यावर होते ते कर्म. हे कर्म जर ठरावीक, ओळखीचं असेल, तर हिब्रूत त्याच्या आधी ‘एत’ लावतात. कर्म कोणतंही, अनोळखी असेल तर लावत नाहीत. बस, एवढंच त्याचं काम. त्याला स्वतःचा अर्थ नाही.

आजच्या इस्रायलमधल्या हिब्रूतली उदाहरणं घेऊ. ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक आणि ‘राईती’ म्हणजे ‘मी पाहिलं’. ‘राईती सेफेर’ म्हणजे मी एक पुस्तक पाहिलं, कुठलं तरी. ‘राईती एत हा-सेफेर’ म्हणजे मी ते पुस्तक पाहिलं, जे तुम्हाला आणि मला माहीत आहे. इथे ‘हा’ हे इंग्रजीतल्या ‘द’सारखं काम करतं. विशेषनाम तर मुळातच ठरावीक असतं, त्यामुळे दावीदला पाहिलं असेल तर ‘हा’ न लावताही ‘राईती एत दाविद’ असंच म्हणावं लागतं.

इंग्रजीला या खुणेची गरज पडत नाही, कारण तिथे क्रियापदाच्या आधी कर्ता आणि नंतर कर्म अशी जागाच ठरलेली असते. जागा बदलली की अर्थ उलटा होतो. हिब्रूत ‘एत’मुळे थोडी मोकळीक मिळते. ‘एत दाविद राआ मोशे’ असं दावीदला आधी आणून म्हटलं, तरी बघणारा मोशेच राहतो.

पण मराठीत ‘ला’ आहे की!

बरोबर. ‘दावीदला मोशेने पाहिलं’ हे मराठीत अगदी सहज चालतं, कारण ‘ला’ सांगतो की पाहिला गेला तो दावीद. मग ‘एत’ म्हणजे आपला ‘ला’ असं सरळ का म्हणू नये? कारण दोघांचे नियम एकमेकांना छेद देतात.

‘मी ते पुस्तक पाहिलं.’ पुस्तक ठरावीक आहे, म्हणून हिब्रूत ‘एत’ हवाच. मराठीत मात्र ‘मी त्या पुस्तकाला पाहिलं’ असं सहसा कोणी म्हणत नाही, कारण पुस्तक निर्जीव आहे. आता उलटं बघा. ‘मी एका मुलाला पाहिलं.’ मूल अनोळखी आहे, म्हणून हिब्रूत नुसतं ‘राईती येलेद’, ‘एत’ नाही. मराठीत मात्र माणूस आहे म्हटल्यावर ‘ला’ आलाच. हिब्रू विचारते, हे ओळखीचं आहे का? मराठी आधी विचारते, यात जीव आहे का?

ओळखीचा प्रश्न मराठीही थोडाफार विचारते, विशेषतः प्राण्यांच्या बाबतीत. ‘मी कुत्रा पाहिला’ आणि ‘मी त्या कुत्र्याला पाहिलं’ यातला फरक कानाला लगेच जाणवतो. हिब्रूत तोच फरक ‘राईती केलेव’ आणि ‘राईती एत हा-केलेव’ असा दिसतो. आणि प्रश्न विचारताना तर दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी वाटतात: ‘कुणाला पाहिलंस?’ याला हिब्रूत ‘एत मी राईता?’ म्हणतात, आणि ‘काय पाहिलंस?’ याला ‘मा राईता?’ मराठीत ‘काय’ला ‘ला’ लागत नाही, तसा हिब्रूत ‘मा’ला ‘एत’ लागत नाही.

खरी पंचाईत होते ती देण्याघेण्याच्या वाक्यात. ‘मी दावीदला ते पुस्तक दिलं’ हे हिब्रूत ‘नाताती ले-दाविद एत हा-सेफेर’. मराठीचा ‘ला’ इथे दावीदला लागलाय, पण हिब्रूचा ‘एत’ पुस्तकाला. दावीदसाठी हिब्रूत वेगळा ‘ले’ आहे. प्रत्येक ‘एत’चा ‘ला’ करायचा म्हटलं तर ‘मी दावीदला त्या पुस्तकाला दिलं’ असं काहीतरी विचित्र हाती येईल.

म्हणून भाषांतरकार ‘एत’ हा शब्द आणत नाही, त्याचं काम आणतो. मराठीत ते काम कधी ‘ला’ करतो, कधी ‘तो-ती-ते’, आणि आकाश-पृथ्वीसारख्या निर्जीव गोष्टींसाठी काहीच लागत नाही. हिब्रूतून मराठीत आणण्याची परंपरा आपल्याकडे जुनीही आहे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजासाठी वल्हांडण सणाला वाचायची ‘हग्गादा’ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली होती.

कोणी भाषांतर करून पाहिलंच नाही का?

पाहिलं, आणि तो प्रयोग भलताच गाजला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या अनुवादकाने हिब्रू बायबल ग्रीकमध्ये शब्दाला शब्द लावत आणलं. ठरावीक कर्माच्या ‘एत’साठी त्याने अनेक ठिकाणी ग्रीक ‘सिन’ हा शब्द वापरला. ‘सिन’चा अर्थ ‘सोबत’. तोच का, तर हिब्रूत ‘सोबत’ या अर्थाचाही एक ‘एत’ आहे, हुबेहूब तसाच लिहिला जाणारा. वर ‘सिन’नंतर ग्रीक व्याकरणाला जी विभक्ती लागते तीही त्याने वापरली नाही. परिणामी पहिल्याच वाक्यात देव जणू ‘आकाशासोबत आणि पृथ्वीसोबत’ काहीतरी निर्माण करतोय असं ग्रीक वाचकाला वाटावं! चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने एका पत्रात नेमक्या याच वाक्यावरून अक्विलाची खिल्ली उडवली. हे ग्रीकमध्येही चालत नाही आणि लॅटिनमध्येही नाही, असा त्याचा मुद्दा होता.

अक्विलाने असं का केलं असावं? त्याच काळात काही ज्यू धर्मपंडित तोरातल्या प्रत्येक ‘एत’मध्ये काहीतरी जास्तीचा अर्थ शोधत होते. तालमूदमध्ये शिमोन हाअम्सुनी यांची गोष्ट येते. ते एकेका ‘एत’चा अर्थ लावत ‘देवाचं भय बाळग’ या आज्ञेपर्यंत आले आणि थांबले. देवासोबत आणखी कोणाचं भय बाळगायचं? त्यांनी आपली सगळी पद्धतच सोडून दिली. पुढे रब्बी अकिवा यांनी त्या ‘एत’मध्ये तोराच्या विद्वानांना बसवलं. म्हणजे ‘एत’मध्ये गूढ शोधायची हौस इन्स्टाग्रामच्या आधीची आहे. फरक इतकाच की शिमोन यांना कुठे थांबायचं ते कळलं.

खरा गोंधळ कुठे होतो?

तो या दोन जुळ्या ‘एत’मध्ये. एक कर्माची खूण, भाषांतरात न दिसणारी. दुसरा ‘सोबत’, ज्याचं भाषांतर करावंच लागतं. हनोख देवासोबत चालत असे, या वाक्यात दुसरा ‘एत’ आहे आणि तो कोणी गाळत नाही.

पण काही ठिकाणी नक्की कुठला, हे ठरवणं अवघड जातं. काइनचा जन्म झाल्यावर हव्वा जे बोलते त्यात ‘पुरुष’ या शब्दानंतर ‘एत’ येतो आणि मग देवाचं नाव. बहुतेक भाषांतरं याला ‘सोबत’ मानून ‘देवाच्या साहाय्याने मला पुत्र मिळाला’ असा अर्थ लावतात. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने आपल्या जर्मन बायबलमध्ये तोच ‘एत’ कर्माची खूण मानला, आणि अर्थ झाला ‘मला तो पुरुष मिळाला, प्रभू’. दोन अक्षरांमुळे नवजात काइन एका वाचनात साधं बाळ आणि दुसऱ्यात आईच्या नजरेत साक्षात प्रभू!

आणि ती ‘गुप्त सही’?

या दाव्याची अडचण हिब्रूच्या शेजारीच आहे. फिनिशियन या बहीण-भाषेत हीच खूण आलेफ-योद-ताव अशा तीन अक्षरांत लिहायचे, आणि नंतरच्या अरामी भाषेत ती योद-ताव अशी दिसते. तिथे पहिलं-शेवटचं अक्षर जुळतच नाही. त्याहून मजेशीर पुरावा मवाबचा राजा मेशाच्या शिलालेखात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला हा दगड १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा स्वतःच्या कमोश या देवाचे गोडवे गातोय, इस्रायलवरचे विजय मिरवतोय, आणि कर्माच्या आधी तोच आलेफ-तावचा ‘एत’ लावतोय. सही असती तर ती विरोधकाच्या पत्रावर कशी आली असती?

असा फॉरवर्ड आला तर स्वतः तपासणं सोपं आहे. जेम्स स्ट्राँगच्या १८९० च्या शब्दसूचीत प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक आहे आणि शब्दशः बायबल दाखवणाऱ्या बहुतेक वेबसाइट्स तो वापरतात. कर्माच्या खुणेचा क्रमांक H853, ‘सोबत’चा H854. H853 च्या खाली अनेकदा नुसती आडवी रेघ दिसते. रीलमध्ये ‘इथे भाषांतर गायब आहे’ म्हणून लाल वर्तुळ काढतात ते याच रेघेभोवती.

बाकी हिब्रू बोलणाऱ्यांनाही ‘एत’ नेहमी प्रिय असतो असं नाही. बायबलच्या काव्यात तो बराच कमी आढळतो. इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांना तो निरुपयोगी वाटायचा आणि स्वतःच्या लेखनात ते तो गाळायचे. लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. उलट ‘माझ्याकडे ते पुस्तक आहे’ या अर्थाच्या ‘येश ली एत हा-सेफेर’ अशा वाक्यातही ते सर्रास ‘एत’ घालतात. इथे पुस्तक कर्म नाहीच, म्हणून व्याकरणाचे कडवे शिक्षक अजूनही कपाळाला हात लावतात. आणि घाईच्या बोलण्यात ‘एत हा’ आक्रसून नुसता ‘ता’ होतो: ‘राईती ता-सेफेर’.