साखळीकडून एका प्रमाणपत्राकडे : अपोस्टिल व्यवस्थेची वाटचाल

परदेशात दाखवायच्या सरकारी कागदाला पूर्वी लांबचा प्रवास करावा लागे. स्थानिक अधिकाऱ्याची सही राज्य शासन प्रमाणित करी, राज्याची सही परराष्ट्र मंत्रालय, मंत्रालयाची सही त्या देशाचा दूतावास, आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा तिथले परराष्ट्र खाते. प्रत्येक कचेरी फक्त आधीच्या सहीची खातरजमा करी. एक दुवा अडला की सारे अडे.

हा फेरा तोडणारा करार हेग येथे 5 ऑक्टोबर 1961 रोजी झाला. त्याने दूतावासाचे आणि परदेशी खात्याचे टप्पे वगळून अपोस्टिल नावाचे एकच प्रमाणपत्र आणले. त्याचा नमुना जगभर सारखाच असून त्यात क्रमवार दहा नोंदी असतात : देश, सही कोणाची, कोणत्या हुद्द्याने, ठिकाण, तारीख, क्रमांक इत्यादी. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू झाला आणि अपोस्टिल देण्याचे काम परराष्ट्र मंत्रालयाकडे आले.

सुरुवातीला सारा भार दिल्लीवर होता. पुढे कागद स्वीकारण्यासाठी बाहेरच्या संस्था नेमल्या गेल्या, 2017 मध्ये ई-सनद ही ऑनलाइन सोय सुरू झाली आणि 2019 पासून मुंबईसह इतर शहरांतही अपोस्टिल मिळू लागले. या प्रवासात मंत्रालयातील कर्मचाऱ्यांइतकाच वाटा विद्यापीठांच्या परीक्षा विभागांचा आणि जन्ममृत्यूच्या नोंदी जपणाऱ्या ग्रामसेवकांचा आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड परिसरातल्या पदवीधराचे उदाहरण घेऊ. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये स्थापन झाले. त्याआधीच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. त्यामुळे पडताळणी कुठे होणार, हे पदवीच्या वर्षावरून ठरते. ऑस्ट्रेलियाला जायचे तर पदवी राज्याच्या शिक्षण खात्याकडून आणि मग मंत्रालयाकडून प्रमाणित होते. तेवढ्यावर काम भागते. दुबईला नोकरी असेल, तर संयुक्त अरब अमिराती करारात नसल्याने मंत्रालयानंतर त्यांचा दूतावास आणि तिथले परराष्ट्र खाते हे दोन टप्पे उरतातच. जन्मदाखल्यासारखा वैयक्तिक कागद मात्र शिक्षण खात्याऐवजी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडे जातो.

अडचणी संपल्या नाहीत. जुन्या हस्तलिखित दाखल्यावरील सहीचा नमुना दप्तरी नसेल, तर पहिलाच टप्पा थांबतो. तेव्हा मूळ नोंदीवरून नवा दाखला घेणे हाच उपाय. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उमटत नाही. जर्मनीने भारताच्या सहभागावर हरकत घेतल्याने तिथे भारतीय अपोस्टिल चालत नाही. शिवाय अपोस्टिल सही, हुद्दा आणि शिक्का खरे असल्याचे सांगते, मजकुराची हमी देत नाही. ते अस्सल आहे की नाही, हे त्यावरील क्रमांक मंत्रालयाच्या नोंदीशी ताडून कळते.

सौदी अरेबिया 2022 मध्ये, चीन 2023 मध्ये आणि कॅनडा 2024 मध्ये या व्यवस्थेत आले. म्हणून कागद हलवण्यापूर्वी जायचा देश करारात आहे का आणि त्याने भारतावर किंवा भारताने त्याच्यावर हरकत घेतली आहे का, हे आधी पाहावे. पुढचे सारे टप्पे त्यावरच ठरतात.