कडुनिंबाखालचे कवडसे

घर बांधण्यापूर्वीच त्याचे चित्र पाहण्याची सोय आता सर्वांना झाली आहे. वास्तुकाराच्या कचेरीत गेले म्हणजे तो संगणकाच्या पडद्यावर आपले नियोजित अंगण उभे करून दाखवितो. त्याला तो रेंडर म्हणतो. वेळ बहुधा भर दुपारची असते, अंगणात फुललेले झाड असते, आणि त्याची चितकबरी सावली भिंतीवर व फरशीवर पसरलेली असते. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात एवढे चित्र पुरते. तो तेथेच होकार देतो. ही सावली खरी की खोटी, हे कसे ओळखावे, आणि ती खरी काढण्याची विद्या माणसाच्या हाती कोणत्या वाटेने आली, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही, कारण अंगणात खाट कोठे टाकायची हे त्या सावलीवरून ठरते.

कोणत्याही दाट झाडाखाली दुपारी उभे राहून जमिनीकडे पाहावे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तिकोनी, लांबट, फाटक्या. पण खाली पडणारे उजेडाचे ठिपके मात्र बरेचसे वाटोळे असतात. आपल्या भाषेत त्यांना कवडसे हा नेमका शब्द आहे. वाकड्या फटीतून वाटोळा कवडसा का पडावा? हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या ग्रीक ग्रंथात विचारलेला आहे. वेताच्या विणीतील चौकोनी भोकांतून आलेले ऊन चौकोनी का दिसत नाही, आणि सूर्यग्रहणाच्या वेळी चाळणीतून किंवा रुंद पानांच्या झाडातून आलेले कवडसे चंद्रकोरीसारखे का होतात, असे दोन प्रश्न तेथे आहेत. विचारणाऱ्याची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही. उत्तर मात्र त्याला नीट देता आले नाही.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इब्न अल्-हैथम या अरबी विद्वानाने ग्रहणाच्या आकारावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि मर्म पकडले. सूर्य हा एक बिंदू नाही, ती तबकडी आहे. तिच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश फटीतून जातो आणि जमिनीवर फटीच्याच आकाराचा एक ठसा उमटवितो. असे असंख्य ठसे एकमेकांवर थोडे थोडे सरकून पडतात. फट लहान आणि जमीन दूर असेल, तर या सर्व ठशांची बेरीज तबकडीच्या आकाराची होते. फट मोठी किंवा जमीन जवळ असेल, तर फटीचा आकार शिल्लक राहतो. कवडसा म्हणजे फटीचे चित्र आणि सूर्याचे चित्र यांचा संकर होय.

हीच गोष्ट पुढे केप्लरने नव्याने शोधली, आणि त्याला ती शोधण्याचे कारण होते. भोकातून पडद्यावर पाडलेल्या ग्रहणाच्या प्रतिमेत चंद्र असावा त्यापेक्षा लहान दिसतो, अशी ज्योतिष्यांची अडचण होती. इ. स. १६०० च्या जुलैमध्ये केप्लरने ग्रात्स येथे स्वतः ग्रहण पाहिले आणि १६०४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात अडचणीचा उलगडा केला: भोकाची रुंदी उजळ भागाला सर्व बाजूंनी फुगविते, म्हणून काळ्या चंद्राचा भाग तेवढा आकसतो. पण आम्हाला त्याची युक्ती अधिक मोलाची वाटते. त्याने एक पुस्तक उंचावर ठेवले. ते झाले सूर्य. खाली जमीन आणि मध्ये अनेक कोनांचे भोक पाडलेली फळी. पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा बांधून तो भोकाच्या कडेकडेने फिरविला आणि दोऱ्याचे टोक जमिनीवर जेथे टेकले तेथे खडूने रेघ ओढली. भोकाचा आकार उमटला. मग दुसऱ्या कोपऱ्यापासून, तिसऱ्यापासून, पुस्तकाच्या कडेवरील आणखी बिंदूंपासून असेच केले. रेघांची गर्दी झाली तेव्हा जमिनीवर पुस्तकाचा आकार दिसू लागला.

हा दोरा ध्यानात ठेवावा; तो पुन्हा भेटणार आहे.

विदर्भाला या गोष्टीचा अनुभव घेण्याची संधी दोन वेळा ठळकपणे आली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया कोकणातून देशावर व तेथून वऱ्हाड-वर्ध्यावरून ईशान्येस गेली. विलायतेहून आलेली ज्योतिर्विदांची पथके तळणी आणि पुलगाव येथे दुर्बिणी रोवून बसली होती. तळणीच्या पथकात वॉल्टर मॉन्डर व त्यांच्या पत्नी ॲनी मॉन्डर होत्या. दुसरी संधी २१ जून २०२० ची. त्या दिवशी नागपुरात खंडग्रास ग्रहणाचा मध्य दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना आला. अशा वेळी जेथे ऊन असेल तेथे कडुनिंबाखालचा प्रत्येक वाटोळा कवडसा कोरीचा होतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

आता संगणकाकडे वळू. १९६८ मध्ये आय. बी. एम. कंपनीतील आर्थर ॲपेल यांनी यंत्राने काढलेल्या चित्रात सावली घालण्याची रीत मांडली. चित्रातील एखादा ठिपका उजेडात आहे की सावलीत, हे ठरविण्यासाठी त्या ठिपक्यापासून दिव्याकडे एक सरळ रेघ न्यायची. मध्ये काही आडवे आले तर सावली, नाही तर ऊन. हा केप्लरचाच दोरा. फक्त उलट्या दिशेने ताणलेला. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी त्यात प्रतिबिंब व काचेतून होणारे वक्रीभवन आणले. पण दोऱ्याचे वरचे टोक अजून एकाच बिंदूला बांधलेले होते. सूर्य बिंदू मानला की कवडसे नाहीसे होतात. प्रत्येक पानाची कात्रीने कापल्यासारखी काळी आकृती फरशीवर उमटते, पान हाताच्या अंतरावर असो की तीन मजले वर.

ही उणीव १९८४ मध्ये भरून निघाली. रॉबर्ट कुक, टॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी असे सुचविले की, एका रेघेऐवजी अनेक रेघा न्याव्यात आणि त्या दिव्याच्या सबंध पृष्ठावर विखुराव्यात. जितक्या रेघा मोकळ्या जातील तितके ऊन. केप्लरने पुस्तकाच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर दोरा नेला, तेच हे काम. आजच्या बहुतेक रेंडर-प्रणालींत सूर्याचा कोनीय व्यास देण्याची सोय असते. तो सुमारे अर्धा अंश आहे. कित्येक चित्रकार तो आकडा शून्यावर किंवा शून्याजवळ ठेवतात, कारण तीक्ष्ण सावली चटकदार दिसते आणि रेघा कमी लागल्याने चित्र लवकर तयार होते.

आता एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. नागपुरातील महाल भागात जुन्या धर्तीच्या वाड्याचे अंगण आहे, उत्तरेच्या अंगाला चुन्याची उंच भिंत आहे, आणि कडुनिंबाच्या फांद्या फरशीपासून आठ मीटर वर आहेत, असे समजा. तारीख १ मे. अर्ध्या अंशाच्या तबकडीचा हिशेब सोपा आहे: फटीपासून जमिनीचे जे अंतर, त्याला १०८ ने भागले की कवडशाचा व्यास येतो. आठ मीटरला तो सुमारे साडेसात सेंटिमीटर भरतो. फट एक सेंटिमीटरची असली तरी खाली साडेसात सेंटिमीटरचा मऊ, फिकट वाटोळा ठिपका पडेल. उलट बाजूने पाहू. कडुनिंबाची पर्णिका दोन सेंटिमीटर रुंद धरली, तर तिची पुरी काळी सावली दोन मीटरच्या थोडे पुढे संपते. म्हणून आठ मीटर खाली फरशीवर एकेका पानाची दातेरी कड दिसत असेल, तर ते चित्र खोटे आहे, असे बेलाशक म्हणावे.

भिंतीची गोष्ट अधिक मजेची आहे. नागपूर सुमारे २१ अंश ९ कलांवर आहे आणि १ मे रोजी सूर्याची क्रांती सुमारे १५ अंश उत्तर असते. म्हणजे मध्यान्ही सूर्य डोक्यापासून जेमतेम सहा अंश दक्षिणेस. किरण दक्षिणाभिमुख भिंतीला घासून खाली उतरतात. पाच मीटर अंतरावरच्या फटीचा कवडसा फरशीवर साडेचार सेंटिमीटरचा वाटोळा पडला असता; भिंतीवर तो रुंदीला तेवढाच, पण उंचीला नऊपटींहून अधिक, सुमारे बेचाळीस सेंटिमीटर ताणला जातो. भिंतीवर ठिपके नसतात, उभे ओघळ असतात. पुष्कळ चित्रांत पानांच्या सावलीचे एक तयार छापील चित्र दिव्यापुढे धरून काम भागवितात. तेथे सर्व सावल्यांची धार सारखीच राहते, जवळच्या फांदीची स्पष्ट आणि दूरच्या फांदीची मऊ हा भेद उरत नाही. आणि ते चित्र सरळ भिंतीवरच चिकटविले असेल तर ओघळही नसतात. डोळ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही, त्याचे कारण बहुधा हे असते.

त्याच भिंतीवर ऊनही थोडे असते. फरशीच्या मानाने साधारण नवव्या हिश्शाइतके. तरी खरी भिंत काळी दिसत नाही, कारण तापलेल्या फरशीवरून परतलेला उजेड तिच्यावर खालून येतो. या परतलेल्या उजेडाचा सबंध हिशेब जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये एका समीकरणात बसविला. तो हिशेब टाळलेल्या चित्रात भिंत एक तर काळवंडते, नाही तर सर्वत्र सारखी राखाडी होते.

वेळेचीही एक गफलत येथे नेहमी होते. मध्यान्ह म्हणून चित्रकार घड्याळाचे बारा घालतो. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे. नागपूर एकोणऐंशीच्या आसपास. १ मे रोजी नागपूरचा खरा मध्यान्ह बारा वाजून सुमारे अकरा मिनिटांनी होतो. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण सूर्य डोक्याजवळ असताना तेवढ्यात दिशा फार फिरते. बारा वाजता तो ठीक दक्षिणेस नसून सुमारे बावीस-तेवीस अंश पूर्वेकडे कललेला असतो, आणि भिंतीवरचे ओघळ उभे न राहता तिरपे होतात. आपल्या जुन्या ज्योतिषांनी बारा अंगुळांचा शंकू रोवून छायेवरून दिशा काढल्या, तेव्हा ते सकाळ-संध्याकाळच्या दोन समान छायांवर भिस्त ठेवीत. दुपारच्या तोकड्या छायेवर दिशेसाठी विसंबणे धोक्याचे, हे त्यांच्या रीतीतच दिसते.

राहिले झाड. चित्रात फुले हवीत आणि सावलीही हवी, म्हणून गर्द हिरव्या छत्रावर गुलमोहराचा लाल बहर किंवा बहाव्याचे पिवळे घोस बसविले जातात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही दोन्ही झाडे फुलावर येतात तेव्हा त्यांची पाने बरीच गळालेली असतात. पळस तर फाल्गुनात निष्पर्णच पेटतो. त्यांच्याखाली चितकबरी सावली नसते, फांद्यांची जाळी असते, आणि जाळीखाली खाट टाकून दुपार निघत नाही. कडुनिंब मात्र आधी पाने झाडून चैत्रात नवी पालवी आणि बारीक पांढरा मोहर बरोबरच धरतो. चित्रात त्याचा मोहर उठून दिसत नाही म्हणून त्याला कोणी घेत नाही, हे आम्हाला जरा दुर्दैवाचेच वाटते.

एक बाब मुद्दाम तपासून घ्यावी. मेच्या अखेरच्या आठवड्यात, २६ तारखेच्या आसपास, नागपूरला सूर्य ठीक डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्ही तो उत्तरेस असतो. त्या सात आठवड्यांत उत्तरेच्या अंगाच्या आपल्या भिंतीवरचे ओघळ दुपारी पुसले जातात आणि समोरच्या, एरवी सदा सावलीत असणाऱ्या उत्तराभिमुख भिंतीवर उमटतात. वास्तुकाराकडून मे महिन्याचे चित्र घेतले असेल, तर त्याच अंगणाचे जूनचेही मागून घ्यावे.