चित्रफितीच्या दोन निर्यातींची तुलना

चित्रफितीच्या दोन निर्यातींची तुलना म्हणजे एकाच संपादित चित्रफितीपासून तयार केलेल्या दोन फाइलींमध्ये लांबी, फ्रेमसंख्या आणि चित्राचा दर्जा यांत पडलेला फरक शोधण्याची पद्धत होय. संपादन-प्रणालीतील मांडणी तीच असली तरी फ्रेमदर, बिटदर किंवा एन्कोडर बदलल्यास दोन फाइली वेगळ्या निघू शकतात. दर्जा मोजण्यापूर्वी दोन्ही फाइलींतील फ्रेम एकमेकींशी जुळतात की नाही हे तपासावे लागते. हा क्रम उलटा केल्यास गळलेली एक फ्रेम निकृष्ट दर्जा म्हणून मोजली जाते.

## लांबी आणि फ्रेमसंख्या

फाइलीची नोंदवलेली लांबी एकटी पुरेशी नसते. ध्वनीचा पट्टा चित्रापेक्षा किंचित लांब असू शकतो. ४८,००० हर्ट्‌झच्या एएसी ध्वनीचा एक खंड १,०२४ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा असतो, तर सेकंदाला ३० फ्रेम असताना एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते. त्यामुळे लांबीतील काही शतांश सेकंदांच्या फरकावरून फ्रेम गळाली असे म्हणता येत नाही. त्यासाठी फ्रेम प्रत्यक्ष मोजाव्या लागतात:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -count_frames -show_entries stream=nb_read_frames,avg_frame_rate,duration -of default=nw=1 a.mp4
```

## उदाहरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी येथे चित्रित केलेली दहा मिनिटांची एक चित्रफीत उदाहरणादाखल घ्यावी. तिच्यात समुद्रकिनाऱ्यावरील लाटांची दृश्ये आहेत, तसेच तिपाईवर कॅमेरा ठेवून घेतलेली जांभ्याच्या भिंतीची स्थिर दृश्ये आहेत. संपादन सेकंदाला ३० फ्रेम या दराने झाले आहे. पहिली निर्यात (अ) त्याच दराने, तर दुसरी (ब) चुकून २९.९७ या दराने केली आहे.

दोन्ही फाइलींची लांबी ६०० सेकंद दिसते. फ्रेम मोजल्यावर मात्र अ मध्ये १८,००० आणि ब मध्ये १७,९८२ आढळतात. २९.९७ हा दर वस्तुतः ३०,००० भागिले १,००१ असा असल्याने दर १,००१ फ्रेमांमागे एक, म्हणजे सुमारे ३३.४ सेकंदांनी एक फ्रेम वगळली जाते. गळतीचे असे समान अंतर हे दर बदलल्याचे लक्षण होय. संगणकावर ताण आल्याने किंवा मूळ चित्रणातच फ्रेम सुटल्याने झालेली गळती सहसा अनियमित आणि एकाच ठिकाणी साचलेली असते.

## गळतीची जागा शोधणे

दोन फाइलींतील समान क्रमांकाच्या फ्रेमांची तुलना एसएसआयएम या मापकाने करता येते. हा मापक २००४ मध्ये वांग, बोविक, शेख आणि सिमोन्सेली यांनी मांडला. फ्रेम तंतोतंत सारख्या असल्यास त्याचे मूल्य १ येते. एफएफएमपेग ही प्रणाली फ्रेमांच्या जोड्या वेळेनुसार लावते. म्हणून खालील आज्ञेत वेळ बाजूला ठेवून क्रमांकानुसार जोड्या लावल्या आहेत:

```
ffmpeg -i b.mp4 -i a.mp4 -lavfi "[0:v]settb=1/30,setpts=N[x];[1:v]settb=1/30,setpts=N[y];[x][y]ssim=stats_file=s.log" -f null -
```

`s.log` या नोंदीत प्रत्येक फ्रेमचे मूल्य स्वतंत्र ओळीत मिळते. संक्षेपणामुळे दर्जा घटला असेल, तर मूल्य लाटा, फेस अशा अवघड दृश्यांत उतरते आणि सोपे दृश्य आले की पुन्हा वर येते. फ्रेम गळाली असेल, तर मूल्य एका विशिष्ट फ्रेमपाशी एकदम कोसळते आणि त्यापुढे चित्रात हालचाल असेपर्यंत खालीच राहते. संशयित जागेची फ्रेम अ मधून वगळून पुन्हा मोजल्यावर पुढील मूल्ये पूर्ववत झाली, तर गळती निश्चित मानावी.

लाटांच्या दृश्यात लागोपाठच्या दोन फ्रेमही पुरेशा वेगळ्या असल्याने घसरण तत्काळ दिसते. भिंतीच्या दृश्यात मात्र शेजारच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात. तेथे गळालेली फ्रेम पुढे हालचाल सुरू होईपर्यंत लपून राहते, म्हणून केवळ स्थिर दृश्यावरून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह नसतो.

काही एन्कोडर गळालेल्या फ्रेमची भरपाई दुसरी फ्रेम दोनदा देऊन करतात. अशा वेळी एकूण संख्या तीच राहते आणि मूल्य थोड्या वेळाने सावरते, त्यामुळे ही घसरण दर्जाची वाटू शकते. संपादन-प्रणालीत एकेक फ्रेम पुढे सरकवल्यास हालचालीतील अडखळ स्पष्ट दिसते.

## दर्जा

दर्जाचे आकडे फ्रेम जुळल्यानंतरच ग्राह्य धरावेत. त्यासाठी दोन्ही चित्रांचे आकारमानही समान असावे लागते. फाइल मोठी म्हणून चित्र चांगले, असा नियम नाही; वेगवेगळ्या एन्कोडरांच्या बाबतीत तर तो सर्रास फसतो. सर्व फ्रेमांचे मूल्य सारख्याच प्रमाणात खाली असेल आणि चित्र फिकट किंवा गडद दिसत असेल, तर संक्षेपणापेक्षा रंगव्याप्तीच्या नोंदीतील तफावत आधी तपासावी.

दोन्ही फाइलींवर आधीच संक्षेपण झालेले असल्यास अ ची ब शी केलेली तुलना फरक किती आहे एवढेच सांगते. दोहोंपैकी सरस कोणती हे सांगत नाही. ते ठरवण्यासाठी हानिरहित स्वरूपातील तिसरी निर्यात काढून दोन्ही फाइली तिच्याशी स्वतंत्रपणे ताडून पाहाव्या लागतात.